कार्डिऑलॉजिस्टला लिहिलेल्या चिठ्ठीत काय असतं?

माझ्या दवाखान्यातून मोठ्या हॉस्पिटलला निघालेलं पाकीट वाटेतच उघडलं जातं, हे मला आता पक्कं ठाऊक आहे. मी ते चिकटवून देते, वर डॉक्टरांचं नाव लिहिते आणि तरी रात्री साडेनऊला फोन येतो. "मॅडम, चिठ्ठीत 'सिंकोपी' लिहिलंय, म्हणजे काय हो?" कुणी तो शब्द मोबाइलवर शोधलेला असतो आणि घरात रडारड झालेली असते. म्हणून अशी एक चिठ्ठी मीच इथे उघडून दाखवते. धडधड आणि बेशुद्धी या तक्रारींसाठी सहकारनगरातल्या माझ्या छोट्या दवाखान्यातून गेलेली ही चिठ्ठी. पेशंट ओळखू येऊ नये म्हणून तपशील बदललेत, वैद्यकीय गोष्टी तशाच ठेवल्यात.

आधी 'सिंकोपी'चं बघू. मेंदूला थोडा वेळ रक्त कमी पडलं की माणसाची शुद्ध हरपते, तो पडतो, आणि काही सेकंदांत आपला आपण उठतो. त्याला सिंकोपी म्हणतात. शब्द जडजंबाल असला तरी तो आजार नव्हे, ती एक घटना आहे. कारण अगदी साधं असू शकतं किंवा जिवावर बेतणारं. चिठ्ठीतली सगळी धडपड या दोन टोकांपैकी आपण कुठे उभे आहोत, हे समोरच्या डॉक्टरांना कळावं म्हणून असते.

ही घटना घडते तेव्हा तिथे कुठलंही मशिन नसतं. दवाखान्यातला ईसीजी हृदयाची जेमतेम दहा सेकंदं टिपतो. पेशंट माझ्यासमोर येतो तेव्हा तो ठणठणीत असतो, नाडी व्यवस्थित, बीपी व्यवस्थित. पडण्याआधीचं आणि नंतरचं ते अर्धं मिनिट कुणाच्या तरी डोळ्यांत आणि आठवणीत असतं, आणि दोन दिवसांत तेही पुसट व्हायला लागतं. ते मिनिट कागदावर उतरवणं हे चिठ्ठीचं पहिलं काम.

मी स्वतः हे फार उशिरा शिकले. प्रॅक्टिसच्या सुरुवातीच्या वर्षांत माझ्या चिठ्ठ्या दोन ओळींच्या असत. "चक्कर व धडधड. कृपया पाहावे व योग्य ते करावे." अशीच एक चिठ्ठी घेऊन गेलेल्या आजी आधी कानाच्या डॉक्टरांकडे, मग मानेच्या एक्स-रेला अशा फिरत राहिल्या. त्यांचे हृदयाचे ठोके मधूनमधून थांबत होते, हे तीन आठवड्यांनी कळलं. दोष माझ्या त्या 'चक्कर' शब्दाचा होता.

आपल्याकडे चक्कर या एका शब्दात चार वेगळ्या गोष्टी मावतात. घर गरगर फिरल्यासारखं वाटतं, तीही चक्कर; ती बहुतेकदा कानातून येते. उठताना डोळ्यांसमोर अंधारी येते, ती चक्कर. दिवसभर डोकं हलकं वाटतं, तीही चक्कर. आणि माणूस खरोखर शुद्ध हरपून पडतो, त्यालाही घरचे म्हणतात, "चक्कर आली होती." म्हणून मी आता विचारते, "घेरी आली, की भोवळ येऊन पडलात? पडतानाचं आठवतंय का? जमिनीवर आपटल्याचा आवाज ऐकला का?" आपटल्याचं आठवतच नसेल, तर शुद्ध गेली होती असं धरायचं.

आता पेशंट. वय ३६, धायरीला एका वर्कशॉपात लेथवर काम करणारा. सोमवारी संध्याकाळी बायकोबरोबर आला, हनुवटीला चार टाके. रविवारी सकाळी दोघं पर्वतीला गेले होते. सकाळपासून पोटात फक्त चहा. मित्राशी पैज लावून हा शेवटच्या पायऱ्या पळत चढला, वर पोहोचून थांबला, आणि काही क्षणांत तोंडावर कोसळला. टाके घालणाऱ्यांनी टाके घातले, "उपाशीपोटी चढलात म्हणून" असं सांगून घरी पाठवलं. माझ्याकडे तो आला तोही टाक्यांचं ड्रेसिंग बदलायला! जाता जाता बायको म्हणाली, "याला तशी सवयच आहे मॅडम. दोन वर्षांपूर्वी रक्तदान शिबिरातही पडला होता."

इथेच चूक व्हायची भीती असते. एकदा भोवळ येणाऱ्या माणसाची दुसरी भोवळही त्याच जातीची असेल, हे आपण गृहीत धरतो. मी दोन्ही प्रसंग वेगवेगळे ऐकले.

शिबिरात काय झालं होतं? रक्त काढून झाल्यावर तो खुर्चीत बसला होता. पोटात मळमळलं, कपाळाला गार घाम आला, आवाज लांबून आल्यासारखे वाटायला लागले, डोळ्यांसमोर अंधारी आली. "मला कसंतरी होतंय" असं म्हणायला त्याला वेळ मिळाला आणि तो हळूच खुर्चीतून घसरला. ही साधी भोवळ. रक्त बघणं, सुई, दुखणं, उन्हात खूप वेळ उभं राहणं अशा कारणांनी एक मज्जातंतू नको तितका जागा होतो, ठोके मंदावतात, रक्तवाहिन्या सैलावतात, रक्त पायांकडे उतरतं. माणूस आडवा झाला की मेंदूला पुन्हा रक्त मिळतं. शाळेच्या प्रार्थनेत पडणारी मुलं बहुतेक याच गटातली. ही भोवळ आधी वर्दी देते, हे लक्षात ठेवण्यासारखं.

पर्वतीवर अशी कुठलीही वर्दी नव्हती. मळमळ नाही, घाम होता तो चढण्याचा. "फक्त छातीत एकदम धडधडायला लागलं, आणि मग मी खाली होतो." हात पुढे करून तोल सावरायलाही त्याला सवड मिळाली नाही, म्हणून तर हनुवटी फुटली. तोंडावरची जखम ही मला अशा वेळी साक्षीदारासारखी वाटते.

धडधड म्हणजे नेमकं काय, हे शब्दांत पकडणं अवघड. कुणाचा ठोका चुकतो, कुणाच्या छातीत फडफडतं, कुणी नुसता घाबरलेला असतो. म्हणून मी पेशंटला टेबलावर बोटांनी ताल वाजवून दाखवायला सांगते. याने वाजवला तो फार जलद आणि एकसारखा. "चढताना वाढत गेलं का?" "नाही, चढताना नेहमीसारखंच होतं. थांबल्यावर बटण दाबल्यासारखं सुरू झालं." असं बटण दाबल्यागत सुरू होणं म्हणजे हृदयाच्या विजेच्या तारांमध्ये काही गडबड असण्याची शक्यता. खात्री नव्हे; घाबरल्यावरही धडधडतं, साध्या भोवळीआधीही धडधडू शकतं. पण बेशुद्धीच्या तोंडावर आलेली धडधड ऐकून न ऐकल्यासारखी करायची नसते.

मग मी बायकोकडे वळले, कारण पुढचं फक्त तिने पाहिलं होतं. "किती वेळ बेशुद्ध होता?" "पाच मिनिटं तरी." असं सगळेच सांगतात. आपलं माणूस पडलेलं असताना सेकंद लांबतात. मी म्हटलं, "आता तुम्ही डोळे मिटा. तो पडला तेव्हापासून शुद्धीवर येईपर्यंत जे जे झालं ते मनात आणा आणि तो उठला की मला 'उठा' म्हणा." भिंतीवरच्या घड्याळात तिचं 'उठा' पंचवीस सेकंदांनी आलं. डोळे उघडे होते, चेहरा पांढराफटक, हात दोन-तीनदा झटकले. कुणी तरी "फिट आली, फिट आली" म्हणून नाकाला चप्पल लावली. उठल्यावर त्याचं पहिलं वाक्य होतं, "माझा मोबाइल कुठंय?"

या मोबाइलच्या वाक्याला मी चिठ्ठीत जागा दिली. मेंदूला रक्त कमी पडलं की काही सेकंद हातपाय झटकले जाऊ शकतात, त्याला फिट समजून माणसं उगाच वर्षानुवर्षं फिटच्या गोळ्या खातात. खऱ्या मोठ्या फिटमध्ये झटके सहसा मिनिटभर किंवा जास्त चालतात, जीभ बाजूने चावली जाते आणि नंतर माणूस बराच वेळ भ्रमिष्टासारखा असतो, घरच्यांनाही नीट ओळखत नाही. हा मात्र लगेच भानावर आला होता. लघवी झाली की नाही यावरून बरेच जण निष्कर्ष काढतात, पण ती दोन्हींत होऊ शकते. (चप्पल हुंगवून कुणी शुद्धीवर येत नाही. तो आडवा पडला होता म्हणून आला.)

घराण्याबद्दल विचारलं. "घरात कुणाला हार्टचा त्रास?" "नाही मॅडम, कुणालाच नाही." हा प्रश्न असा विचारला तर उत्तर बहुतेक वेळा 'नाही'च येतं, कारण आपल्याकडे अचानक गेलेल्या माणसाला हार्टचा त्रास होता असं कुणी म्हणत नाही. त्याला ऊन लागलेलं असतं, नजर लागलेली असते. म्हणून दुसऱ्यांदा वेगळं विचारायचं: चाळिशीच्या आत कुणी अचानक गेलं का? पोहता येत असून कुणी बुडालं का? झोपेत कुणी गेलं का? तेव्हा तो जरा थांबला. "काका गेले. भोरकडे आमचं गाव आहे. भातलावणी चालली होती, बांधावर बसले आणि तिथंच गेले. चौतीस वर्षांचे होते. ऊन लागलं म्हणाले." भातलावणीच्या दिवसांत ऊन लागणं कसं शक्य आहे, हे मी विचारलं नाही. त्याच्या चेहऱ्यावरून कळत होतं की हे त्याच्याही आत्ताच लक्षात आलंय.

गोळ्या? "काही नाही." हेही उत्तर दोनदा विचारल्यावर बदलतं. दोन महिन्यांपूर्वी कामावरच्या तपासणीत बीपी १५०/९४ निघालं होतं आणि एम्लोडिपिन ५ मिलिग्रॅम सुरू झाली होती. ती तो रोज घेत होता, फक्त 'गोळ्यांत' मोजत नव्हता.

मग तपासणी. आडवं असताना बीपी १३८/८६, उभं राहून तीन मिनिटांनी १३२/८६. उभं राहिल्यावर वरचा आकडा वीस किंवा त्याहून जास्त उतरला तर ती भोवळ बीपी पडण्याची असू शकते. इथे ते नव्हतं. साखर बरोबर होती. छातीवर स्टेथोस्कोप ठेवला तर छातीच्या मधल्या हाडाच्या डाव्या कडेला, खालच्या बाजूला, ठोक्याठोक्याला एक हलका खरखरीत आवाज. त्याला मर्मर म्हणतात. रक्त अरुंद जागेतून जोरात गेलं की तो होतो. मर्मर पुष्कळांना असतो आणि पुष्कळदा निरुपद्रवी असतो. मी त्याला उकिडवं बसायला सांगितलं. आवाज जवळजवळ नाहीसा झाला. "आता उभे राहा." उभा राहिला, आणि तोच आवाज स्पष्ट, मोठा झाला. मी पुन्हा एकदा बसवलं, पुन्हा उठवलं. पुन्हा तेच.

हे असं का होतं, ते नीट समजून घेण्यासारखं आहे. आपल्या पेठांतला वाड्यांमधला एखादा बोळ डोळ्यांसमोर आणा. हृदयाच्या डाव्या कप्प्यातून शरीराकडे रक्त जातं ते अशाच एका वाटेने. काही माणसांत जन्मतःच आलेल्या दोषामुळे दोन कप्प्यांमधली स्नायूची भिंत हळूहळू जाड होत जाते आणि हा बोळ अरुंद होतो. पण इथल्या भिंती दगडाच्या नाहीत, हलणाऱ्या आहेत. कप्पा रक्ताने भरलेला असेल तर भिंती लांब सरकतात, वाट मोकळी होते. कप्पा रिकामा असेल तर भिंती जवळ येतात आणि वाट आणखी आवळते. उकिडवं बसलं की पायांतलं रक्त हृदयाकडे परततं आणि पुढच्या रक्तवाहिन्यांतला दाब वाढतो, म्हणून वाट उघडते, आवाज कमी होतो. उभं राहिलं की उलट. झडपेच्या बहुतेक आजारांत मर्मर याच्या विरुद्ध वागतो, म्हणून हे उठबस करून ऐकणं कामाचं.

आता पर्वतीवरचा प्रसंग या चित्रात बसवून पाहा. चहाखेरीज पोटात काही नाही, म्हणजे शरीरात पाणी कमी. एम्लोडिपिन रक्तवाहिन्या सैल करते, म्हणजे हृदयाला पुढे अडवणारा दाबही कमी. पळत चढल्यामुळे हृदय जोरजोरात आकुंचन पावतंय. आणि चढताना पोटऱ्यांचे स्नायू पंपासारखं रक्त वर ढकलत होते, ते तो थांबल्याबरोबर थांबले. कप्पा एकदम रिकामा, ठोके मात्र अजून जोरात. बोळ आवळायला याहून चांगला मुहूर्त नाही. म्हणून अशी माणसं काही वेळा चढताना पडत नाहीत, वर पोहोचल्यावर पडतात. शिवाय जाड स्नायूतून वीज वेडीवाकडी धावू शकते आणि ठोके अचानक भरकटू शकतात, ते आणखी धोक्याचं. दोन्हींपैकी काय झालं असेल, हे दवाखान्यात बसून सांगता येत नाही. तो चिठ्ठीतला प्रश्न झाला.

ईसीजी काढला. लय नियमित होती, पण डाव्या बाजूच्या लीड्समध्ये लाटा नको तितक्या उंच आणि त्यांच्या मागची एक लाट, जी वर असायला हवी, ती खोल उलटी. असा आलेख जुन्या बीपीनेही येऊ शकतो. म्हणून चिठ्ठीत मी 'संशय' लिहिलं, 'निदान' लिहिलं नाही.

ईसीजीच्या कागदाबद्दल एक सांगून ठेवते. तो थर्मल कागद असतो, उष्णतेने छापला जातो. गाडीच्या डिकीत राहिला तर फिका पडतो. एका काकांनी जपून ठेवायचा म्हणून लॅमिनेट करून आणला, तर लॅमिनेशनच्या उष्णतेने तो कोळशासारखा काळा झाला होता. लगेच झेरॉक्स काढा, मूळ आणि झेरॉक्स दोन्ही न्या. मनगटावरच्या घड्याळाने धडधड चालू असताना आलेख पकडला असेल, तर तोही छापून जोडा. दवाखान्यातल्या दहा सेकंदांपेक्षा तो मोलाचा असू शकतो.

आता चिठ्ठी. मूळ इंग्रजीत होती, मराठीत अशी:

"सोमवार, संध्याकाळी ७.४०.

आदरणीय डॉक्टर,

३६ वर्षांचे गृहस्थ. काल सकाळी श्रम करून थांबल्यावर लगेच, धडधड होऊन, कुठलीही पूर्वसूचना नसताना शुद्ध हरपली. उभं राहिल्यावर वाढणारा मर्मर. ईसीजी दोषयुक्त, सोबत जोडला आहे. काका ३४ व्या वर्षी अचानक वारले. स्नायू जाड होऊन वाट अडण्याच्या आजाराचा, म्हणजे हायपरट्रॉफिक कार्डिओमायोपॅथीचा संशय. २४ तासांच्या आत पाहावे ही विनंती. आपल्याशी फोनवर बोलले आहे.

प्रसंग: पर्वतीच्या पायऱ्या पळत चढून वर थांबताच जलद, एकसारखी, अचानक सुरू झालेली धडधड. तोंडावर पडले, हनुवटीला चार टाके. पत्नीने पाहिले: चेहरा पांढरा, सुमारे २५ सेकंद बेशुद्ध, हाताचे दोन-तीन झटके, लगेच पूर्ण भानावर. जीभ चावलेली नाही.

दोन वर्षांपूर्वी रक्तदानानंतर मळमळ, घाम, अंधारी येऊन भोवळ. तो प्रसंग मला वेगळ्या जातीचा वाटतो.

औषधे: एम्लोडिपिन ५, दोन महिने. आज मी थांबवली आहे. दुसरे काही नाही.

तपासणी: नाडी ७६ नियमित. बीपी आडवे १३८/८६, उभे १३२/८६. रक्त पाठवले आहे, पोटॅशियम, हिमोग्लोबिन, थायरॉइडचे रिपोर्ट उद्या दुपारी फोनवर कळवीन.

काम: लेथ. दुचाकीने ये-जा. दोन्ही बंद करायला सांगितले आहे. दोन मुले, वय ९ आणि ५, एक धाकटा भाऊ.

माझे प्रश्न: वाट अडली आहे का, की ठोक्यांची गडबड आहे, की दोन्ही? बीपीसाठी कोणती गोळी चालेल? कामावर केव्हा जाऊ द्यावे?"

चिठ्ठी एवढीच, एका पानाची. पहिला परिच्छेद मुद्दाम असा लिहिलाय की कार्डिऑलॉजिस्टने बाकी काहीच वाचलं नाही तरी चालावं. ओपीडीत पन्नास पेशंट बसलेले असताना दुसरं पान कुणी उलटत नाही, आणि त्यात त्यांचं चुकतं असं मला वाटत नाही.

'२४ तास' हा आकडा मी मनाने घातलेला नाही. ब्रिटनच्या नाइस या संस्थेच्या २०१०च्या मार्गदर्शिकेत अशा बेशुद्धीबद्दल तोच आहे. श्रम करताना पडणं, ईसीजीत दोष, घरात चाळिशीच्या आत अचानक मृत्यू, मर्मर यांपैकी एक असलं तरी २४ तासांत तज्ज्ञाने पाहायला हवं. याच्याकडे शेवटची तीनही होती, आणि पडणं श्रम थांबल्याबरोबरचं. नुसती शिबिरातली भोवळ असती, तर मी ईसीजी काढून, पाणी आणि मीठ नीट घ्या, अंधारी आली की लगेच आडवे व्हा, एवढं सांगून घरी पाठवलं असतं. आणि तो माझ्यासमोर पुन्हा पडला असता किंवा छातीत दुखतंय म्हणाला असता, तर चिठ्ठी लिहीत बसले नसते, १०८ला फोन केला असता.

'गोळी थांबवली आहे' ही ओळ का? ज्याच्या हृदयातली वाट अरुंद असेल त्याला रक्तवाहिन्या सैल करणारी गोळी त्रास वाढवू शकते, आणि १३८/८६ बीपी दोन दिवस गोळीविना राहिलं तर काही बिघडत नाही. पण मी हे लिहिलं नाही तर तिकडे कुणी तरी "रोजच्या गोळ्या चालू ठेवा" असं लिहून मोकळं होईल. जे केलं ते, आणि जे मुद्दाम केलं नाही तेही लिहायला हवं.

 चिठ्ठी म्हटलं की 'कट', म्हणजे डॉक्टरांचं कमिशन, हा शब्द मनात येणारे लोकही आहेत, ते मला ठाऊक आहे. आमच्या धंद्यानेच तो संशय कमावलाय. पेशंटला हवं तर दुसऱ्या कार्डिऑलॉजिस्टकडे जावं, चिठ्ठी तीच चालते. फक्त उद्या जावं.

तेवढ्यात तो म्हणाला, "मग सकाळी गाडीवरच जातो." गाडी म्हणजे स्कूटर. पुण्यात माणूस अंत्ययात्रेलाही स्वतःच्या दुचाकीने जातो! मी किल्ली मागितली आणि त्याच्या बायकोच्या हातात ठेवली. सिग्नलला पंचवीस सेकंदांची बेशुद्धी काय करेल, हे फोड करून सांगायची वेळ आली नाही. रिक्षाने जायचं, जिना सावकाश चढायचा, पाणी भरपूर प्यायचं, दारू अजिबात नाही.

दुसऱ्या दिवशी इको झाली. इको म्हणजे हृदयाची सोनोग्राफी. मधली भिंत २२ मिलिमीटर भरली. साधारणपणे ती ११-१२च्या आत असते आणि मोठ्या माणसात १५च्या पुढे गेली, बीपीसारखं दुसरं पुरेसं कारण नसलं, की हा आजार धरतात. जोर लावून श्वास रोखायला सांगितल्यावर वाटेतला अडथळा आणखी वाढत होता. मग ४८ तास छातीवर होल्टर लावलं, म्हणजे सतत ईसीजी नोंदवणारं छोटं यंत्र. त्यात रात्री दोनदा खालच्या कप्प्यातून सुटलेल्या अतिजलद ठोक्यांच्या छोट्या माळा सापडल्या. म्हणजे माझ्या पहिल्या प्रश्नाचं उत्तर 'दोन्ही' होतं. त्याला ठोके मंदावणारी मेटोप्रोलॉल सुरू झाली, बीपीलाही तीच धरली. पुढे एमआरआय होऊन छातीत कातडीखाली आयसीडी बसवलं. हे यंत्र ठोके भरकटले की आतूनच शॉक देऊन ताळ्यावर आणतं. ते प्रत्येकाला लागत नाही. बेशुद्धी, भिंतीची जाडी, घराण्यातला अचानक मृत्यू आणि होल्टरमधल्या माळा असं सगळं मिळून तो निर्णय होतो. या आजाराची बरीच माणसं गोळ्यांवर, काही जण गोळ्यांशिवायही, म्हातारी होतात.

माझ्या शेवटच्या प्रश्नाचं उत्तर त्याला आवडलं नाही. काम काही महिने बंद, आणि लेथ चालवायचं की नाही ते नंतर ठरवू. तो चिडला, माझ्यावरही. घरात एकटा कमावता आहे, त्याचं चिडणं मला कळलं. मालकाने त्याला स्टोअरला बसवलं, पगार थोडा कमी करून.

चिठ्ठीतली मुलांची आणि भावाची ओळ शेवटी सगळ्यात जास्त कामाची ठरली. साधारण पाचशे माणसांत एकाला हा आजार असतो, आणि आई-वडिलांपैकी एकाकडे तो दोष असेल तर प्रत्येक मुलाकडे येण्याची शक्यता निम्मी. भावाची इको चांगली निघाली. वडील आले, वय ६५, आयुष्यभर शेतात राबलेले, कधी भोवळ नाही की धडधड नाही. त्यांची भिंत १६ मिलिमीटर. एकाच घरात एक भाऊ चौतिशीत बांधावर जातो आणि दुसऱ्याला पासष्टीपर्यंत पत्ता लागत नाही, असा हा आजार आहे. इकोच्या टेबलवरून उठताना म्हाताऱ्याने एकच विचारलं, "म्हणजे आमच्या भावाला ऊन लागलं नव्हतं?"

दोन्ही मुलांची इको आणि ईसीजी सध्या नॉर्मल आहेत. भिंत वाढत्या वयात जाड होऊ शकते, म्हणून मुलांची तपासणी दर एक-दोन वर्षांनी पुन्हा करायची असते, मोठ्यांची तीन ते पाच वर्षांनी. थोरल्या मुलीसाठी मी गेल्या आठवड्यात नवी चिठ्ठी लिहिली. शाळेत धावण्याची शर्यत आहे, भाग घेऊ द्यावा का, असा एकच प्रश्न तिच्यात आहे. पाकीट चिकटवलं नाही.